कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज : 80टीटीबीची 50,000 ची वजावट धरली नाही, असेसमेंट इयर 2024-25

दि. 13 जानेवारी 2025
तासगाव, जि. सांगली

मा. कर निर्धारण अधिकारी साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी शंकर बाळू माने, रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, जन्मतारीख 14 जून 1957. माझं आयटीआर-1 मी 12 जुलै 2024 ला भरलं, म्हणजे 31 जुलैच्या आत, आणि त्यात जुनी रिजीम निवडलेली होती. पॅन आणि पोचपावती नंबर जोडलेल्या पहिल्या पानावर आहेत.

18 नोव्हेंबर 2024 ला 143(1) चं इंटिमेशन आलं आणि त्यात 16,840 रुपये रिफंडच्या जागी उलट 2,750 रुपयांची डिमांड निघाली. आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून इंटिमेशनची प्रिंट काढली आणि पट्टी ठेवून ओळ न ओळ ताडून बघितली. डावीकडे मी भरलेला आकडा, उजवीकडे तुमच्याकडे धरलेला आकडा. पेन्शन तीच, व्याज तेच, 80सी तेच, 80डी तेच, आणि 80टीटीबीच्या ओळीला डावीकडे 50,000 आणि उजवीकडे शून्य. बस, एवढा एकच फरक आहे साहेब, बाकी सगळं जुळतं.

हिशोब असा आहे. पेन्शन 5,22,000, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन 50,000 गेल्यावर 4,72,000. एफडीचं व्याज 1,68,400 आणि सेव्हिंगचं 6,200 मिळून 1,74,600. एकूण 6,46,600. वजावटी 80सी 70,000, 80डी 32,400 आणि 80टीटीबी 50,000, म्हणजे करपात्र उत्पन्न 4,94,200. त्यावर टॅक्स 9,710 आणि उत्पन्न पाच लाखाच्या आत असल्यामुळे 87ए ची रिबेट मिळून टॅक्स शून्य, म्हणून बँकेने कापलेला टीडीएस 16,840 पूर्ण परत यायला पाहिजे. 50,000 काढून टाकल्यावर उत्पन्न 5,44,200 झालं, रिबेट पण गेली, टॅक्स सेससकट 19,594 झाला आणि टीडीएस वजा जाऊन डिमांड आली. एका ओळीमुळे जवळजवळ साडेएकोणीस हजाराचा फरक पडलाय, आणि हे पैसे मार्चमध्ये बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी धरून ठेवले होते.

ही चूक रेकॉर्डवरच दिसते असं मी म्हणतो त्याचं कारण तुमचंच इंटिमेशन आहे. त्यात टॅक्स काढताना मला 3 लाखाची बेसिक सूट दिलेली आहे, जी जुन्या रिजीममध्ये साठच्या पुढच्यालाच मिळते. मेडिक्लेमचे 32,400 पूर्ण मान्य केलेत, पॉलिसी माझ्या एकट्याच्या नावावर आहे, साठच्या आतल्याला 25,000 च्या वर मिळालेच नसते. 80सी आणि 80डी दिलं म्हणजे जुनी रिजीम पण मान्य आहे. मग त्याच कागदावर मी ज्येष्ठ नागरिक आहे, ठेवींचं व्याज माझ्या उत्पन्नात धरलंय, आणि त्या व्याजाची ज्येष्ठाला मिळणारी वजावट मात्र नाही, हे कसं चालेल? 80टीटीए मी घेतलेलं नाही, त्यामुळे दोनदा वजावट घेतल्याचाही प्रश्न येत नाही. यात नवीन पुरावा तपासायचा नाही की कायद्याचा वाद नाही.

शिवाय 143(1)(ए) खाली असा बदल करायच्या आधी करदात्याला कळवून 30 दिवस द्यावे लागतात. मला तसं काहीच आलं नाही, ईमेल, मोबाईलचे मेसेज, पोर्टलवरचं प्रोसिडिंग्जचं पान, तिन्ही ठिकाणी नीट बघितलंय.

2 डिसेंबरला पोर्टलवर रिटर्न पुन्हा प्रोसेस करायची रिक्वेस्ट टाकली होती, 27 डिसेंबरला ऑर्डर आली ती परत त्याच आकड्याची, कारण एका शब्दानं पण लिहिलेलं नाही. म्हणून हा लेखी अर्ज करतोय.

तरी विनंती अशी की 154 खाली दुरुस्ती करून 80टीटीबीचे 50,000 द्यावेत, 2,750 ची डिमांड रद्द करावी, आणि 16,840 चा रिफंड 244ए च्या एप्रिल 2024 पासूनच्या व्याजासकट रिटर्नमध्ये दिलेल्या खात्यावर जमा करावा. निकाल लागेपर्यंत ही डिमांड 245 खाली पुढच्या कुठल्या रिफंडमधून वळती करू नये. अर्ज नामंजूर करायचा विचार असेल तर आधी मला बोलावून ऐकून घ्या, मी ओरिजिनल कागद घेऊन कधीही येतो. कलम 154(8) प्रमाणे अर्ज आलेल्या महिन्याच्या शेवटापासून सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, पण प्रकरण एका ओळीचं आहे, मार्चच्या आत झालं तर फार बरं होईल.

सोबत जोडलंय: रिटर्न आणि पोचपावती, 18 नोव्हेंबरचं इंटिमेशन (80टीटीबीच्या ओळीला पेन्सिलने खूण केलीय), 27 डिसेंबरची ऑर्डर, फॉर्म 16, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट (चारही एफडी आणि सेव्हिंग वेगवेगळं दाखवलेलं), 26एएस, मेडिक्लेमची पावती, पॅनकार्डची झेरॉक्स.

आपला विश्वासू,
शंकर बाळू माने