पहिलीचा चित्र-स्वाध्याय: उत्तरं आणि घरी कशी समजवायची

नमस्कार. लेक आजारी असल्यामुळे वर्गात हा स्वाध्याय तिचा राहिला, म्हणून उत्तरं पाठवते आहे. तिला उत्तरं आधी सांगू नका. दहा-बारा चिंचोके घेऊन शेजारी बसा.

१. झाडावर आंबे किती? ७.
आंबे विखुरलेले आहेत, त्यामुळे एखादा दोनदा मोजला जातो किंवा सुटतो. मोजलेल्या आंब्यावर पेन्सिलीने बारीक टिंब करू द्या. सात म्हणून झाल्यावर विचारा, “मग एकूण किती?” ती पुन्हा एकपासून मोजायला लागली, तर शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच सगळे आंबे, हे अजून उमगलेलं नाही. रागावू नका. चिंचोके मोजून मुठीत झाका आणि विचारा, “मुठीत किती?”

२. कोणत्या ओळीत मणी जास्त? दोन्हीत सारखे, ६ आणि ६.
खालची ओळ लांब दिसते म्हणून मुलं तीच सांगतात. वरच्या एका मण्यापासून खालच्या एका मण्यापर्यंत रेघ ओढायला लावा. एकही मणी एकटा उरत नाही.

३. तारेवर ३ चिमण्या, आणखी २ आल्या. ३ + २ = ५.
ही सोपी आहे. “अधिक म्हणजे आणखी आल्या” एवढं बोललात तरी चालेल.

४. दोन बैलगाड्या, चाकं किती दिसतात? १ + १ = २.
इथे गंमत आहे. गाड्या बाजूने काढल्यात, म्हणून प्रत्येकीचं एकच चाक दिसतं. ती “चार” म्हणाली तर चूक म्हणू नका, “पलीकडचीही धरलीस ना?” असं विचारा. मग २ + २ = ४ हेही लिहून घ्या. मी दोन्ही बरोबर धरेन.

५. एका टोपलीत ५ अंडी, दुसरी रिकामी. ५ + ० = ५.
काही मुलं रिकामी टोपलीच मोजून सहा म्हणतात. “टोपल्या नाही, अंडी मोजायची” हे आठवण करून द्या. रिकाम्या टोपलीत बोट फिरवून “शून्य” म्हणायला लावा.

६. ६ पणत्या आणि ३ पणत्या. ६ + ३ = ९.
सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एकपासून मोजून नऊ आले तरी बरोबरच, पण आता पुढची पायरी शिकवायची आहे. सहा पणत्यांवर हात ठेवून “सहा” म्हणा, मग एकेका पणतीला बोट लावत “सात, आठ, नऊ”. हमखास होणारी चूक म्हणजे हाताबाहेरच्या पहिल्याच पणतीला पुन्हा “सहा” म्हणणं. मग उत्तर आठ येतं. तसं झालं तर सांगा, “सहा हाताखाली गेले, आता पुढचा आकडा.” जमलं की कागद उलटा धरून ३ + ६ करून बघा. तेही नऊच येतात, याचं मुलांना फार नवल वाटतं.

चुकलेलं खोडरबराने पुसू नका, शेजारी बरोबर उत्तर तिलाच लिहू द्या. सोमवारी मला तिच्या चुका बघायच्या आहेत.