आबांना मालवणहून पोस्टकार्ड

इयत्ता चौथी. उन्हाळी सुट्टीचा अभ्यास: मराठी लेखन

सुट्टीत फिरायला गेलात की तिथून आजी-आजोबांना पोस्टकार्ड लिहा. वर ठिकाण आणि तारीख, मग नमस्कार, मग मजकूर, शेवटी आपलं नाव. पत्ता पिनकोडसह लिहा. वाक्यं छोटी असू द्या. ‘खूप मज्जा आली’ एवढंच लिहू नका, काय झालं ते लिहा. कार्ड पेटीत टाकण्याआधी मजकूर वहीत उतरवून ठेवा.

कार्ड १

मालवण, ११ मे

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही मालवणला पोचलो. रात्रीच्या एसटीने आलो. कोल्हापूरला सगळे चहाला उतरले, मी झोपले होते. फोंडा घाटात जाग आली. बस वळली की दादाचं डोकं माझ्या खांद्यावर आणि माझं खिडकीवर. घाट उतरल्यावर एकदम उकडायला लागलं. आपल्याकडे ऊन लागतं, पण घाम लगेच वाळतो. इथे घामही वाळत नाही आणि टॉवेलही.

माती लाल आहे. माझे पांढरे मोजे आता पांढरे नाहीत. घरंसुद्धा लाल दगडाची आहेत. त्या दगडाला चिरा म्हणतात.

पोस्टात गेलो. कार्ड ५० पैशांना मिळतं. पण ५० पैसे सुट्टे कुणाकडे असतात? म्हणून बाबांनी पाच रुपयांची दहा कार्डं घेतली. बाईंनी एकच लिहायला सांगितलंय. मी जास्त लिहिणार आहे.

तुमची मनवा

कार्ड २

मालवण, १२ मे

ती. आबांना नमस्कार.

आज सिंधुदुर्ग किल्ला बघितला. तुम्ही फोनवर विचारलं होतं, “समुद्रात किल्ला, मग माणसं पाणी कुठलं प्यायची?” ते मी विचारून आले. पण आधी होडीचं सांगते.

धक्क्यावरून होडीत बसलो. आई डोळे मिटून बसली होती. किल्ला समोर दिसत होता, पण दरवाजा कुठेच दिसेना. नुसती भिंतच भिंत. मला वाटलं, होडी भिंतीवर आपटणार. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधून वाट आत वळली आणि तिथे दरवाजा निघाला! शत्रूला लांबून कळू नये म्हणून महाराजांनी तो असा लपवलाय. किल्ला बांधायला सुरुवात झाली २५ नोव्हेंबर १६६४ ला. दादाने ती तारीख पाठ केली आणि दिवसभर सगळ्यांना विचारत बसला. होडीवाल्या काकांनासुद्धा विचारली. त्यांनी बरोबर सांगितली, मग तो गप्प झाला.

जागा संपली. पाण्याचं पुढच्या कार्डावर.

तुमची मनवा

कार्ड ३

मालवण, १२ मे (संध्याकाळ)

ती. आबा,

किल्ल्यात तीन विहिरी आहेत. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. कठड्यावरून वाकून बघितलं. दूध नव्हतं, पाणीच होतं. मे महिना असून पाणी होतं, आबा! आपल्या विहिरीत मे महिन्यात दोर संपतो पण बादली बुडत नाही. आणि इथे चारी बाजूंना समुद्र.

मी मुद्दाम आधी समुद्राचं पाणी बोटाने चाखलं. थूऽऽ. मग आत एक आजी कोकम सरबत विकत होत्या, त्यांच्या कळशीतलं विहिरीचं पाणी मागितलं. गोड! साखरेसारखं नाही, आपल्या माठातल्यासारखं. आजी म्हणाल्या, “गे बाय, आणखी घे.” मी दोन पेले प्यायले.

बाबा म्हणाले, पावसाचं पाणी खडकात मुरतं, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून वर राहतं. दादाला पटलं नाही. तुम्हाला पटलं का ते फोनवर सांगा.

किल्ल्यात महाराजांचं देऊळ आहे. राजाराम महाराजांनी बांधलेलं. मूर्तीला दाढी नाही, म्हणून मी पटकन ओळखलंच नाही. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसापण आहे. माझा हात त्यावर ठेवून बघायचा होता, पण तो छोट्या घुमटीत आहे. नुसता नमस्कार केला. तुमच्या वाटचा पण केला.

मनवा

कार्ड ४

मालवण, १४ मे

ती. आबांना नमस्कार.

तुम्ही माळकरी, म्हणून माशांचं लिहू नको असं आई म्हणाली. पण हे खाण्याचं नाही, ओढण्याचं आहे.

सकाळी किनाऱ्यावर रापण होती. रापण म्हणजे खूप लांब जाळं. होडी ते पाण्यात अर्ध्या गोलासारखं सोडत जाते. त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात. मग दोन्हीकडे माणसं रांगेत उभी राहतात आणि दोर ओढतात. एक आजोबा सगळ्यात पुढे होते, तुमच्याएवढे. डोक्याला टॉवेल. ते ओरडायचे, मग सगळे एकदम ओढायचे. मी आणि दादा शेवटी जाऊन दोर धरला. दोर ओला, जाड आणि खरखरीत होता. माझ्या तळहाताला लाल रेघा पडल्या. पाय वाळूत रुतत होते. किती ओढलं तरी जाळं येईचना! आपण पोळ्याला बैल धुवायला नेतो आणि तो पाण्यातून बाहेरच येत नाही, तसं.

शेवटी आलं. आधी पाणी चमकायला लागलं, मग मासे उड्या मारायला लागले. छोटे चांदीसारखे मासे होते, त्यांना पेडवे म्हणतात. एक मोठा खेकडापण होता, तो दादाच्या चपलेला धरून बसला. दादा एवढा नाचला की सगळे दोर सोडून हसायला लागले.

नंतर माशांचे वाटे केले. आम्ही ओढलं म्हणून आम्हालाही मूठभर दिले. आम्ही ते शेजारच्या मांजराला... नाही, खरं सांगते, आईने तळले.

मनवा

कार्ड ५

मालवण, १५ मे

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलोय त्या काकू मूळच्या गुहागरकडच्या आहेत. त्यांनी विचारलं, “तुझे आजोबा कुठे असतात?” मी म्हटलं, “अंबाजोगाईला.” काकू हातातलं घावन तव्यावर तसंच सोडून बाहेर आल्या! योगेश्वरी त्यांची कुलदेवी आहे. त्या लग्न झाल्यावर जोडीने दर्शनाला आल्या होत्या. कोकणातले पुष्कळ लोक येतात म्हणे. तुम्ही मला देवळात रांगेत भेटणारे कोकणातले लोक दाखवले होते, ते हेच. घावन करपलं, पण काकू रागावल्या नाहीत. पुढच्या वेळी आल्या की आपल्याकडे जेवायला येणार आहेत. मी परस्पर आमंत्रण दिलंय, आजीला सांगून ठेवा.

सोलकढी मला आवडली, दादाला नाही. फणस मात्र त्याने एकट्याने संपवला आणि दुपारी पोट धरून झोपला. घावन नारळाच्या रसात बुडवून खातात. ते आजी करू शकेल, तांदूळच तर लागतात.

काकूंनी तुमच्यासाठी आमसुलं बांधून दिली आहेत. आजीला पित्त होतं ना, तिच्यासाठी जास्त. आम्ही रविवारी निघणार. आधी पुण्याला, मग तुमच्याकडे. कार्डं आमच्यानंतर पोचली तर मी असतानाच वाचा, मी शेजारी बसते.

आजीला नमस्कार. वासराला माझं नाव ठेवू नका, मी दुसरं शोधलंय. आल्यावर सांगते.

तुमची लाडकी,
मनवा

पत्ता

श्री. ज्ञानोबा रंगनाथ शिंदे
योगेश्वरी मंदिराजवळ
मु. पो. अंबाजोगाई
जि. बीड
पिन ४३१५१७