जलचक्राच्या आकृतीबद्दल पाचवीच्या पालकांना पत्र

सन्माननीय पालक,
सप्रेम नमस्कार.

आज मुलांच्या विज्ञानाच्या वहीत जलचक्राची आकृती चिकटवून दिली आहे. सोमवारपर्यंत बाणांना नावं द्यायची आहेत आणि खाली तीन-चार वाक्यं लिहायची आहेत. रंगवलंच पाहिजे असं नाही. गेल्या वर्षी कित्येक वह्यांतला समुद्र सुरेख निळा होऊन आला आणि बाण कोरेच राहिले, म्हणून आधीच सांगते.

सगळी गंमत बाणांतच आहे. तुटक बाण म्हणजे वाफ, सलग बाण म्हणजे पाणी. समुद्र आणि तलावावरून वर जाणारा तुटक बाण बाष्पीभवनाचा, झाडाच्या पानांतून निघणारा बाष्पोत्सर्जनाचा. वाफ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते तुटक काढलेत. ‘मग किटलीतून दिसते ती?’ असं मूल विचारेल. विचारायलाच हवं. ते पांढरं दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब असतात. खरी वाफ तोटीच्या अगदी तोंडाशी, जिथे काहीच दिसत नाही, तिथे असते. (हे लांबूनच दाखवा.) आणि समुद्राला काही उकळी फुटत नाही, तरी पाणी उडतं. दोरीवरचे ओले कपडे वाळतात, तसंच.

वर गेल्यावर वाफ गार होते आणि हवेतल्या धूलिकणांभोवती तिचे थेंब होतात. हे सांद्रीभवन. ‘ढग म्हणजे वाफ’ ही वह्यांमध्ये सर्वांत जास्त सापडणारी चूक आहे. ढगात असतात ते थेंब किंवा बर्फाचे कण. काचेच्या ग्लासात बर्फाचं पाणी ठेवून बाहेरून येणारे थेंब कुठून आले ते मुलाला विचारा, पण उत्तर सांगू नका.

पाऊस, वाहतं पाणी आणि जमिनीत मुरणारं पाणी हे बाण सोपे आहेत. जमिनीखालच्या बाणाकडे मात्र बोट ठेवा. तिथलं पाणी फार सावकाश सरकतं, कधी कधी वर्षानुवर्षं.

आकृतीत एक उणीव आहे आणि ती मुलांनीच शोधावी असं मला वाटतं. पाऊस फक्त डोंगरावर दाखवलाय. पृथ्वीवरचं सुमारे 97 टक्के पाणी समुद्रात आहे आणि पावसाचा मोठा वाटाही समुद्रावरच पडतो. म्हणजे प्रत्येक थेंब डोंगर, नदी अशी पूर्ण फेरी मारतोच असं नाही. ज्याला हे सुचेल त्याने जादा बाण जरूर काढावा.

कोपऱ्यातल्या सूर्याला बाण नाही. तो नसता तर कोणते बाण थांबले असते, हा शेवटचा प्रश्न आहे. समुद्र खारट असताना पाऊस गोडा का, हा प्रश्न वर्गासाठी राखून ठेवलाय.

उत्तर चुकलं तरी खोडून दुरुस्त करून देऊ नका. मला चुकलेलंच बघायचंय.

आपली,
विज्ञान शिक्षिका, इयत्ता पाचवी