ऑक्टोबरचा एमआरआर ब्रिज: १,२४० वरून १,२६४

व्यवस्थापन बैठकीसाठी टिपण
सर्व रकमा हजारांत, महिना ३१ ऑक्टोबरला बंद केलेला

ऑक्टोबरमध्ये मासिक आवर्ती महसूल २४ ने, म्हणजे १.९ टक्के वाढला. सप्टेंबरमध्ये ही वाढ १० होती, त्यामुळे वरवर पाहता महिना बरा गेला. पण या २४ मागे १०४ ची आवक आणि ८० ची गळती आहे. बैठकीतला जास्त वेळ त्या ८० ला द्यावा, अशी माझी विनंती आहे.

| | ऑगस्ट | सप्टेंबर | ऑक्टोबर |
|---|---|---|---|
| सुरुवातीचा एमआरआर | १,१८९ | १,२३० | १,२४० |
| नवीन ग्राहक | +६२ | +५१ | +५८ |
| विस्तार | +३९ | +३३ | +४६ |
| घट | −२२ | −२६ | −१९ |
| गमावलेले ग्राहक | −३८ | −४८ | −६१ |
| अखेरचा एमआरआर | १,२३० | १,२४० | १,२६४ |

ऑक्टोबरचा वॉटरफॉल चार्ट खाली आहे. एक चौकोन म्हणजे ४. अक्ष शून्यापासून नाही, १,२०० पासून सुरू होतो. तसं केलं नसतं तर मधल्या पट्ट्या दिसल्याच नसत्या. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या पट्टीच्या लांबीची तुलना करू नये, त्यांच्यापुढचा आकडाच वाचावा.

```
██████████  १,२४० सुरुवात
          ▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓  +५८ नवीन
                         ▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓  +४६ विस्तार
                               ░░░░░  −१९ घट
                ░░░░░░░░░░░░░░░  −६१ गमावलेले
████████████████  १,२६४ अखेर
```

गेल्या महिन्यापर्यंत या चार्टमध्ये मधल्या पट्ट्या तीनच असत: नवीन, विस्तार आणि गमावलेले. घट विस्तारातून वजा करून दाखवली जायची. ती मांडणी मीच केली होती आणि ती चुकीची होती. सप्टेंबरमध्ये विस्तार ३३ आणि घट २६ होती, पण चार्टवर फक्त +७ ची एक छोटी पट्टी दिसली. ती पाहून आपण अर्धा तास जादा मॉड्यूल का विकली जात नाहीत यावर बोललो. प्रत्यक्षात मॉड्यूल ठीक विकली जात होती. त्या २६ पैकी १८ एकाच ग्राहकाकडून आले होते. त्याने आपला वापर ५२ वरून ३४ वर आणला होता आणि आपल्या चार्टवर त्याची खूणही उमटली नाही.

ऑक्टोबरमध्ये तोच ग्राहक पूर्ण गेला. ६१ पैकी ३४ त्याचेच आहेत. म्हणजे एका ग्राहकामागे दोन महिन्यांत ५२ गेले: आधी १८ घटीच्या रूपात, मग ३४ गमावल्याच्या रूपात. या महिन्यात गेलेल्या ११ ग्राहकांपैकी ५ जणांनी त्याआधीच्या तीन महिन्यांत योजना लहान केली होती किंवा जागा कमी केल्या होत्या. ११ ही संख्या लहान आहे, तिच्यावरून नियम काढणार नाही. पण घटीला स्वतःची पट्टी द्यायला एवढं कारण पुरेसं आहे, आणि यापुढे ती वेगळीच राहील.

तो मोठा ग्राहक बाजूला ठेवला तर उरलेल्या दहा जणांचे २७ होतात, सरासरी २.७. आपल्या सर्व ग्राहकांची सरासरी सुमारे ३ आहे. म्हणजे लहान ग्राहकांची गळती नेहमीपेक्षा वाईट नाही, उलट थोडी सुधारली आहे. हे सांगणं न्याय्य आहे. पण "मोठा वगळून" असा दुसरा ब्रिज मी जोडलेला नाही, कारण बँकेत येणारी रक्कम वगळलेल्या हिशोबाने येत नाही. ग्राहकसंख्या ४१२ वरून ४१५ झाली, संख्येने गळती २.७ टक्के, रकमेने ४.९ टक्के. या दोन टक्क्यांमधलं अंतर म्हणजेच तो एक ग्राहक.

नवीन ग्राहक १४, सरासरी ४.१. त्यात मे महिन्यात सोडून गेलेला आणि आता परतलेला एक ग्राहक आहे, ३ चा. त्याला नवीनमध्येच धरलं आहे, कारण विक्री पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

विस्ताराच्या ४६ कडे जरा थांबून पाहायला हवं. त्यातले १८ हे नूतनीकरणाच्या वेळी झालेल्या दरवाढीचे आहेत, १२ ग्राहकांकडून. वापर वाढल्यामुळे, म्हणजे जागा किंवा मॉड्यूल वाढल्यामुळे आलेले २८, ११ ग्राहकांकडून. दोन्ही खरा महसूल आहे. पण दरवाढ वर्षातून एकदाच करता येते, वापर मात्र दर महिन्याला वाढू शकतो. पुढच्या तिमाहीचा अंदाज बांधताना २८ धरावेत, ४६ नव्हे.

जुन्या ग्राहकांपुरतं पाहिलं तर १,२४० चे १,२०६ झाले, म्हणजे निव्वळ टिकाव ९७.३ टक्के. विस्तार न धरता तो ९३.५ टक्के आहे. नवीन विक्री पूर्ण थांबली असती तर महिना ३४ ने खाली बंद झाला असता.

आकडे कसे धरले ते थोडक्यात. वार्षिक करार बाराने भागले आहेत. सुरुवातीचं बसवणी शुल्क आणि प्रशिक्षण यात नाही. परकीय चलनातले करार वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेल्या दरानेच मोजले आहेत, नाहीतर विनिमय दराची हालचाल विस्तार किंवा घट म्हणून दिसली असती. ग्राहक गमावला असं नोटीस आल्यावर नाही, सेवा बंद झाल्याच्या महिन्यात धरलं आहे. वर्गवारी प्रत्येक ग्राहकाच्या ओळीवर या सूत्राने होते, `B` मध्ये मागचा महिना आणि `C` मध्ये चालू:

```
=IF(AND(B2=0,C2>0),"नवीन",
 IF(AND(B2>0,C2=0),"गमावलेले",
 IF(C2>B2,"विस्तार",
 IF(C2<B2,"घट","स्थिर"))))
```

हे सूत्र खात्यावर नव्हे, मूळ ग्राहकावर चालवायचं. पहिल्या मसुद्यात गमावलेले ६६ आणि विस्तार ५१ येत होता. एकाच समूहाची दोन खाती या महिन्यात एकत्र झाली, तर एक ५ चं खातं गेल्यासारखं आणि दुसरं तेवढंच वाढल्यासारखं दिसलं. बेरीज जुळत असल्यामुळे अशी चूक एकूण आकड्यावरून कधीच सापडत नाही. ती ओळींची यादी वाचतानाच सापडली.

आता घटीचे १९. नऊ ग्राहक आहेत. आठ जणांचे मिळून ११, किरकोळ बदल. नववा एकटा ८ चा आहे: त्याने जागा १२० वरून ७२ वर आणल्या, म्हणजे त्याचा महिना २० वरून १२ झाला. त्याचं नूतनीकरण जानेवारीत आहे. सप्टेंबरमध्ये त्या मोठ्या ग्राहकाची जशी ओळ होती, तशीच ही आहे. ग्राहक विभागाने या आठवड्यातच त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलावं: ४८ जागा वापरणारे लोक गेले, की ते दुसरं काही वापरू लागले? कारण पहिलं असेल तर १२ टिकतील. दुसरं असेल तर जानेवारीच्या ब्रिजमध्ये १२ गमावलेल्यांच्या पट्टीत धरून चालतो, आणि अंदाजपत्रकात तो बदल मी १५ नोव्हेंबरपर्यंत करतो.