घर तेवढंच आहे, अडलेली जागा मोकळी झाली

पहिला फोटो आधीचा आहे. स्वाइप करून दुसऱ्यावर या आणि खिडकी कुठे आहे ते बघा. दोन्ही फोटोंत ती त्याच जागी आहे, तेवढीच आहे.

680 चौरस फूट कार्पेट, दोन बेडरूम, राहतं घर. नवरा-बायको, दहावीतली मुलगी आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी. पहिल्या भेटीत घरच्यांनी फॉल्स सीलिंग आणि टीव्ही युनिटचे फोटो दाखवले. आजी एवढंच म्हणाल्या, "मला बाथरूमपर्यंत कुठेही न अडकता जाता आलं पाहिजे." आमच्या दृष्टीने खरं ब्रीफ तेच होतं.

आधी: पॅसेज 42 इंचांचा, पण त्यात 14 इंच खोल शू-रॅक उभा. चालायला उरत होते 28 इंच. वॉकर जेमतेम निघायचा, कोपर भिंतीला घासायचं.
आता: शू-रॅक 7 इंचांचा, पुढे कलणाऱ्या दारांचा. चालायला 35 इंच. पायाच्या उंचीवर सेन्सरचा दिवा, रात्री बटण शोधावं लागत नाही. बाथरूमच्या दाराशी आणि कमोडशेजारी पकडायला दांडे, तेही भिंतीत नीट अँकर करून. नुसत्या टाइलवर चिकटवलेला दांडा आधाराचा नसतो, शोभेचा असतो.

स्वयंपाकघरावर सगळ्यात जास्त वेळ गेला. घरातली मोठी खिडकी तिथे, आणि तिचा उजेड अडवणारी भिंतही तिथेच. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून ती भार पेलणारी नसल्याचं लेखी दिल्यावरच हातोडा लागला. तरीही आम्ही ती पूर्ण पाडली नाही. पूर्ण उघडं किचन फोटोत देखणं दिसतं, पण वास आणि मिक्सरचा आवाज थेट मुलीच्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत जातो. म्हणून खालची अर्धी भिंत ठेवली आणि वर रेघांच्या काचेची सरकती तावदानं बसवली. बंद असली तरी उजेड येतो. जेवणाच्या टेबलावर भर दुपारी लागणारी ट्यूबलाइट आता लागत नाही.

ओटा 31 इंचांवर होता. रोज तिथे उभ्या राहणाऱ्या ताईंची उंची पाच फूट सात इंच. पाठ दुखणारच! आता कापायची बाजू 36 इंचांवर आणि शेगडीची बाजू 33 वर, कारण भांड्याची उंची वर मोजावीच लागते. ओट्याखाली दारांऐवजी पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर, वाकून मागचा डबा शोधणं संपलं. सिंकखाली पाण्याला टिकणारं बीडब्ल्यूपी ग्रेडचं प्लाय, कापलेल्या कडाही सील केलेल्या. पाणी आत शिरतं ते तिथूनच.

पाचवा फोटो सुंदर नाही, मुद्दाम टाकलाय. मोठ्या बेडरूममधलं कपाट हलवल्यावर मागे हे निघालं: बाहेरच्या भिंतीला ओल आणि बुरशी. यावर पुट्टी मारून नवं कपाट लावलं असतं, तर हँडओव्हरला कुणाला कळलंही नसतं. आधी बाहेरून तडा भरून घेतला, भिंत वाळू दिली, मग रंग. नवं सरकत्या दारांचं कपाट आतल्या भिंतीला गेलं. यामुळे काम लांबलं आणि घरच्यांनी ते समजून घेतलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

फॉल्स सीलिंग फक्त हॉलच्या एका कडेला आहे, वायरिंग झाकायला. उंची कमी करून वर दिव्यांची रांग लावणं या घराला मानवलं नसतं. किचनमध्ये 4000 केल्विनचा स्वच्छ पांढरा प्रकाश, बाकी घरभर 3000 चा उबदार. जुन्या डायनिंग टेबलाचा सागवानी माथा पॉलिश करून मुलीच्या खोलीत अभ्यासाचं टेबल झाला. बाथरूमच्या टाइल्स जुन्याच आहेत, धडधाकट होत्या.

तुमच्या घराचं काम काढायचं असेल तर याच पेजवर मेसेज करा आणि सुरुवातीला "नूतनीकरण" किंवा "नवं घर" लिहा. सोबत फ्लोअर प्लॅनचा फोटो (नसेल तर कागदावर हाताने काढलेलाही चालेल), घरात कोण कोण राहतं, काम कधी सुरू करायचंय, आणि घरातल्या तीन गोष्टी ज्यांचा रोज वैताग येतो. आवडलेले फोटो नंतर पाठवा, वैताग आधी कळवा. दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देतो. फोनवरचं पहिलं बोलणं विनाशुल्क. जागेवर येऊन मापं घेण्याची फी असते, काम आमच्याकडे दिलंत तर ती बिलातून वजा होते. "चौरस फुटाला काय रेट?" याचं उत्तर मापं घेतल्याशिवाय देत नाही, भिंतीमागे काय आहे ते पाचव्या फोटोत दिसतंच.

फोटो घरमालकांच्या परवानगीने.

#आधीआणिनंतर #घराचंनूतनीकरण #इंटिरिअरडिझाइन #ज्येष्ठांसाठीघर