उजळणी पत्रक : नफा-तोटा (इयत्ता सहावी, गणित)

तीन पायऱ्या आहेत. जिथून जमेल तिथून सुरू करा. पायरीतली तीन उदाहरणं बरोबर आली की वर चढा, अडलात तर एक पायरी खाली या, त्यात लाज नाही. सहावं उदाहरण मात्र सगळ्यांनी सोडवायचं आहे.

मागच्या चाचणीत निम्म्या वर्गाने एकच चूक केली, म्हणून आधी हे बघा. डबा १२० रुपयांना घेतला, १५० ला विकला. नफा ३० रुपये.

शेकडा नफा = ३०/१२० × १०० = २५

खाली १२० आहेत, १५० नाहीत. पैसे गुंतवले १२०, म्हणून हिशोब त्यांच्यावरच. १५० ने भागलंत तर २० येतात आणि गुण जातात.

पहिली पायरी

१) कॅरम बोर्ड ८५० रुपयांना घेतला, ९७५ ला विकला. नफा की तोटा? किती?

२) २४० रुपयांची छत्री पावसाळा सरताना १९५ ला विकावी लागली. नफा की तोटा? किती?

३) खरेदी ६० रुपये, तोटा ८ रुपये. विक्री किंमत किती?

४) १०० रुपयांची वस्तू ११५ ला विकली. शेकडा नफा किती? (भागाकार न करता सांगा.)

दुसरी पायरी

५) ५०० रुपयांची चप्पल ५६० ला विकली. शेकडा नफा काढा.

६) सुमनताईंनी १८ रुपये किलोने २० किलो टोमॅटो घेतले. बाजारापर्यंत रिक्षाला ४० रुपये गेले. २ किलो पिचले, ते फेकून दिले. उरलेले २५ रुपये किलोने विकले. शेकडा नफा की तोटा, आणि किती?
रिक्षाभाडं खरेदीत मिळवायचं. पिचलेल्या टोमॅटोंचे पैसेही ताईंनी मोजलेच आहेत, ते वजा करू नका.

७) जुनी सायकल ४००० ला घेतली, दुरुस्तीला ४०० लागले, ४१८० ला विकली. शेकडा किती?

तिसरी पायरी

८) शेकडा १५ नफा घेऊन बॅग ६९० ला विकली. खरेदी किंमत किती?

९) दोन घड्याळं प्रत्येकी ९९० ला विकली. एकावर शेकडा १० नफा, दुसऱ्यावर शेकडा १० तोटा. समीर म्हणतो, "फिट्टंफाट!" त्याचं बरोबर आहे का? आकडे मांडून दाखवा.

१०) ८०० च्या साडीची किंमत दुकानदाराने शेकडा २५ ने वाढवली, मग त्या वाढीव किमतीवर शेकडा २० सूट दिली. त्याच्या हातात काय उरलं?

११) शेकडा १२ नफा येईल असं उदाहरण स्वतः तयार करा. त्यात हमाली किंवा दुरुस्तीचा खर्च हवाच. शेजाऱ्याला सोडवायला द्या.

उत्तरं (आधी सोडवा, मग बघा)
१) नफा १२५ रु. २) तोटा ४५ रु. ३) ५२ रु. ४) १५ ५) १२ ६) शेकडा १२.५ नफा ७) शेकडा ५ तोटा
तिसऱ्या पायरीची उत्तरं छापलेली नाहीत; वही घेऊन टेबलापाशी या.