परिचय : चीफ ऑफिसर, ऑइल टँकर. अर्ज : टर्मिनल सुरक्षा व्यवस्थापक, उरण

समुद्रावर 14 वर्षं, त्यांतली शेवटची 5 चीफ ऑफिसर म्हणून. म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी : माल, डेक आणि 12 माणसांचं काम माझ्या जबाबदारीवर, किनाऱ्यावरच्या ऑपरेशन्स मॅनेजरसारखं. सिक्का ते रॉटरडॅम, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, ही फेरी म्हणजे आठवडेच्या आठवडे बाहेरच्या मदतीशिवाय चोवीस तास चालणारा कारखाना.

सुरक्षा हा माझा जिव्हाळ्याचा विषय. टाकीत माणूस उतरण्यापूर्वी हवा वर, मध्ये आणि तळाशी तपासायची, ऑक्सिजन 20.9 टक्के दिसल्याशिवाय परवान्यावर माझी सही होत नाही. एकदा तळाशी 19.4 आला. बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, हार्नेस बांधून तयार होता. मी त्याला थांबवलं, पंखे आणखी चार तास चालवले. वेळ गेला, पण आजही तेच करीन. टर्मिनलवर हेच बंदिस्त जागेतल्या कामाचं परमिट.

दर महिन्याचा आगीचा आणि जहाज सोडण्याचा सराव म्हणजे तुमचं मॉक ड्रिल. आयएसएम म्हणजे जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थापनाचं ऑडिट, थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी, नव्या मुलांचं प्रशिक्षणही सांभाळलं.

राहायला उरणलाच, 30 दिवसांत रुजू होऊ शकतो.